पाठीवरची गाठ आणि चिठ्ठीवरचे दोन शब्द

सर्जननं उजव्या खांद्याच्या फऱ्याजवळची गाठ बोटांनी चाचपली आणि निदान तिथल्या तिथे सांगितलं. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. एका बाजूनं दाबली की ती मऊपणे दुसरीकडे सटकत होती, वरची कातडी चिमटीत सहज उचलली जात होती, आणि कुठेही काळा ठिपका नव्हता. दुखणं तर नव्हतंच. एवढ्यावर मला घरी सोडलं असतं, पण दोनेक वर्षांत ती दुप्पट झाली होती आणि पर्सचा पट्टा तिच्यावर घासायला लागला होता. म्हणून त्यांनी सोनोग्राफी सांगितली.

आणि इथे गाडी अडली.

चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ‘लोकल स्वेलिंग’. खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट केली. “बेन, कुठली सोनोग्राफी? पोटाची?” म्हटलं, पाठीची. “डॉक्टरांकडून लिहून आणा.” डॉक्टर तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले. बाहेरच्या बाकड्यावर बसून सगळा दवाखाना जेवायला जाताना आणि परत येताना पाहिला. सुधारलेली चिठ्ठी मिळाली, तर त्यावर ‘बॅक’ एवढंच वाढलेलं! उजवी की डावी, वर की खाली, काही नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा “ऐसे नहीं चलेगा”. मग मात्र मी रेसिडेंट डॉक्टरांसमोर उभी राहून अक्षरशः लिहवून घेतलं: उजव्या फऱ्याच्या आतल्या बाजूला, अंदाजे चार सेंटीमीटर, दोन वर्षांपासून, हळूहळू वाढतेय, दुखत नाही, गाठ कातडीत आहे, चरबीत आहे की स्नायूखाली, ते पाहावं.

हा शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर हवाच. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधी तोच भाग वाचला. स्क्रीनवर दाखवलं: लांबट, कडा स्पष्ट, चरबीच्या थरातच, स्नायू खाली वेगळा, आत रक्तप्रवाह जवळजवळ नाही. स्नायूखाली निघाली असती किंवा पाच सेंटीमीटरच्या वर गेली असती, तर काढण्याआधी एमआरआय आणि गरज पडल्यास सुईनं तुकडा तपासणं आलं असतं. कारण तिथे क्वचित लायपोमासारखा दिसणारा कॅन्सर असू शकतो आणि घाईनं कापून काढला तर पुढचे उपचार अवघड होतात. हे मला कुणी खिडकीपाशी सांगितलं असतं, तर माझा आवाज एवढा चढला नसता. असो.

घरी आले तर आमच्या भावजींना वाटलं, त्यांच्या मानेवरची गाठही तसलीच. बडोद्याच्या दांडिया बाजारात घर असल्यानं औषधांचं दुकान दाराशी, मलम आणून लावणं चाललेलंच. त्यांच्या गाठीची कातडी मात्र चिमटीत सुटत नव्हती, गाठीसकट हलायची. आणि मधोमध काळा ठिपका. ही सिस्ट. कातडीतच एक पिशवी तयार होते आणि तिच्यात पनीरच्या भुग्यासारखा, घाण वासाचा मळ साठत जातो. भावजींनी ती पिळली. पिशवी आतल्या आत फुटली, दोन दिवसांत गाठ लालभडक, गरम, हात लावू देईना. मग चीर देऊन पू काढावा लागला. ‘आता काढूनच टाका’ असा त्यांचा आग्रह होता, पण सुजलेल्या जागी पिशवी अखंड निघत नाही, आणि तिचा तुकडा राहिला तर गाठ परत येते. सूज उतरून काही आठवडे गेले की पूर्ण पिशवी काढायची, असं ठरलं.

माझी गाठ जागा बधिर करून काढली, टाके पडले, निघाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र विसरू नका: काढलेली गाठ तपासणीला गेली का, हे थिएटरमधून बाहेर पडतानाच विचारा. बरणीवर नाव, बाजू आणि तारीख मी स्वतः वाचली. रिपोर्ट लायपोमाच आला.

जाता जाता, ज्यांची गाठ ठेवलीय त्यांच्यासाठी. महिन्याला फुटपट्टी शेजारी धरून फोटो काढा, नुसत्या आठवणीवर वाढ कळत नाही. काही आठवड्यांत भराभर वाढली, कडक झाली, खालच्या भागाला चिकटून हलेनाशी झाली, विनाकारण दुखायला लागली किंवा काढलेल्या जागी पुन्हा आली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लाली, गरमपणा, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि चिठ्ठी खोलीतून बाहेर पडण्याआधी वाचा.