तुम्ही विचारलंत म्हणून: माझा टॅक्स किती, ते का सांगत नाही

"मॅडम, कॅपिटल गेन्सचं सगळं इतकं सोपं करून सांगता, मग माझा आकडा विचारला की एकदम गप्प का होता? तुमचा तो डिस्क्लेमर म्हणजे अंग काढून घेणंच ना?"

आधी होतं, खरंच अंग काढून घेणंच होतं. सोसायट्यांमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांत बोलायला लागले तेव्हा प्रत्येक हँडआउटच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची, "ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून निर्णयापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा." ती ओळ कुणी वाचत नाही. मी स्वतः इन्शुरन्सच्या कागदावरची वाचत नाही, तर दुसऱ्यांना काय बोलू.

डोळे उघडले ते कोथरूडच्या एका काकांमुळे. २३ जुलै २०२४ च्या बजेटनंतर जो तो एकच विचारत होता, इंडेक्सेशन गेलं का, म्हणजे जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सोय गेली का? तर झालं असं की जागा विकून होणाऱ्या लाँग टर्म गेनवरचा दर २० टक्क्यांवरून १२.५ वर आला पण इंडेक्सेशन काढून घेतलं, मग आरडाओरडा झाला आणि जुन्या जागांना सवलत मिळाली, की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जागा असेल तर दोन्ही पद्धतींनी टॅक्स काढा आणि कमी येईल तो भरा. मी हँडआउटमध्ये अगदी हेच वाक्य टाकलं होतं. वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धं होतं.

काकांच्या वडलांनी २००५-०६ मध्ये १५ लाखांना घेतलेला फ्लॅट, वडील २०१९ मध्ये गेले, फ्लॅट काका आणि त्यांच्या बहिणीच्या नावावर अर्धा अर्धा आला. मे २०२५ मध्ये ९० लाखांना सौदा ठरला. (आकडे मी थोडे गोल केलेत, ओळख पटू नये म्हणून.) वारसाने आलेल्या जागेला वडलांची खरेदी किंमतच धरतात आणि इंडेक्सेशनसुद्धा वडलांच्या खरेदीच्या वर्षापासून, मुंबई हायकोर्टाने हे २०११ मध्येच सांगितलंय. हे काकांनी माझ्याच कागदावरून बरोबर उचललं होतं.

आता प्रत्येकाचा हिस्सा बघा. विक्री ४५ लाख, खरेदी साडेसात लाख. इंडेक्सेशनशिवाय गेन ३७.५ लाख, त्याचे १२.५ टक्के म्हणजे साधारण ४.६९ लाख. इंडेक्सेशनने, २००५-०६ चा इंडेक्स ११७ आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून साडेसात लाखांचे झाले २४.१० लाख, गेन उरला २०.९० लाख, त्याचे २० टक्के ४.१८ लाख. म्हणजे दुसरी पद्धत पन्नासेक हजारांनी स्वस्त. वर ४ टक्के सेस. काकांनी ४.१८ ची दुप्पट केली, बहिणीला फोन करून सांगितलं की सेस धरून पावणेनऊ लाखांच्या आत दोघांचं मिटतंय, आणि ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये दोघांच्या हिश्श्यावर १ टक्का टीडीएस लिहून घेतला.

रजिस्ट्रेशनला आठवडा राहिलेला असताना चहा पिता पिता ते सहज म्हणाले, बहिणीची पॉवर ऑफ ॲटर्नी आलीये न्यू जर्सीहून.

झालं!

कमी येईल तो भरायची सवलत फक्त रेसिडेंट व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. बहीण पंधरा वर्षं तिकडे, ती नॉन-रेसिडेंट, तिला थेट १२.५ टक्के. म्हणजे तोच फ्लॅट, तेच आईवडील, तोच दिवस, आणि टॅक्स वेगळा. आणि हा तर छोटा धक्का होता. मोठा टीडीएसचा होता, कारण १ टक्का हा रेसिडेंट विक्रेत्यासाठी असतो. नॉन-रेसिडेंटच्या बाबतीत प्रॅक्टिसमध्ये खरेदीदार गेनवर नाही तर तिच्या पूर्ण ४५ लाखांवर कापतो, सेस धरून १३ टक्के, म्हणजे ५.८५ लाख. आधी फॉर्म १३ भरून कमी कपातीचं सर्टिफिकेट आणलं असतं तर हे टळतं, पण त्याला वेळ लागतो आणि आमच्याकडे आठवडा होता. शेवटी पूर्ण कापलं गेलं, तिचा खरा टॅक्स सेससकट ४.८७५ लाख, उरलेले ९७,५०० तिने रिटर्न भरून परत मागितले. नशीब की १ टक्क्याने ते कापलं गेलं नाही, कारण कमी कापलं तर डिपार्टमेंट खरेदीदाराला धरतं, आणि ते बिचारं तरुण जोडपं होतं, पहिलं घर घेणारं.

काका मला काही बोलले नाहीत. पण हँडआउट त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता आणि "कमी येईल तो भरा" या ओळीखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या, ते मला फार लागलं.

तेव्हापासून तळाची ओळ मी काढून टाकली. आता उदाहरण सुरू व्हायच्या आधीच लिहिते की हे उदाहरण कुणाचं आहे: विकणारा त्या वर्षात रेसिडेंट, जागा २३ जुलै २०२४ च्या आधीची, निदान २४ महिने ठेवलेली, विक्री १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ मधली, इन्कम टॅक्सचा कायदा १९६१ चा. तारीख तर हवीच, कारण १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन कायदा लागू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, जुना कागद फॉरवर्ड होत राहिला की लोक मेलेलं कलम शोधत बसतात. आणि उदाहरण संपलं की लगेच, त्याच अक्षरात, ते कुठे मोडतं तेही लिहिते. विकणारा परदेशात राहतो? मोडलं. (इथे पासपोर्ट नाही, भारतात राहिलेले दिवस मोजतात, हे लोकांना पटतच नाही.) इंडेक्सेशनने तोटा दिसतोय? मग त्या गेनवरचा टॅक्स शून्य होईल, पण तो तोटा पुढच्या वर्षी ओढता येणार नाही, कारण सवलत फक्त टॅक्सच्या आकड्याला आहे, कायद्याच्या हिशोबात गेन इंडेक्सेशनशिवायचाच राहतो. म्हणूनच नवीन घर घेऊन सूट घेणाऱ्याने २०.९० लाख गुंतवले की काम झालं असं समजू नये, तिथे ३७.५ लाखच बघतात.

राहिला तुमचा आकडा. मी "कायदा असं म्हणतो" इथपर्यंत येते, "तुम्ही असं करा" म्हणायला मला तुमचा इंडेक्स टू, जुनं ॲग्रीमेंट, वारसाचे कागद, बाकीचं उत्पन्न सगळं बघावं लागेल, आणि ते हॉलमध्ये खुर्च्या आवरताना होत नाही. काही जण हुशार असतात, "समजा माझा एक मित्र आहे, समजा त्याचा सिंहगड रोडला ७२ लाखांचा फ्लॅट आहे," असं सुरू करतात. मी मित्रालाही आकडा सांगत नाही. उलट विचारते, कागदावर नावं किती जणांची आहेत आणि त्यातलं कोण कुठे राहतं?

परवा यावर एक आजोबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मित्राचा मुलगा जर्मनीत आहे, त्याचं नाव घातलंय, ते सांगायचं असतं होय?