दातांवरून दहा वर्षे, डोळ्यांवरून तीन

मांजरांच्या वयाची नोंदवही ठेवण्याचे हे माझे तिसरे वर्ष आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आणि आसपासच्या वावरांतील घरांत मिळून आतापर्यंत सतरा मांजरे नोंदली गेली असून, त्यांपैकी ज्यांचा जन्म केव्हा झाला हे खात्रीने सांगणारे कोणी हयात आहे, अशी फक्त पाच आहेत. उरलेल्या बारांविषयी मी जे लिहिले आहे तो अंदाजच आहे. या वर्षी एका राखाडी मांजरीने तो अंदाज कसा चुकतो हे मला सविस्तर शिकवले, म्हणून या वेळची नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी पिल्लांची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण दातांवर माझा नको इतका विश्वास बसला तो पिल्लांमुळेच.

2023 च्या तान्ह्या पोळ्याला आमच्या कोठ्यातील कुटाराच्या ढिगामागे तीन पिल्ले जन्मली. जन्मदिवस ठाऊक असल्यामुळे सणावारी त्यांची तोंडे पाहण्याचा मी नेमच केला. दसऱ्याला, म्हणजे साधारण साडेपाच आठवड्यांनी, पुढचे पटाशीचे दात आणि सुळे पूर्ण वर आलेले होते आणि मागच्या उपदाढांची टोके हिरडीतून नुकतीच दिसू लागली होती. लक्ष्मीपूजनाला दुधाचे सव्वीसही दात मोजता आले. हे दात सुईसारखे बारीक आणि किंचित पारदर्शक असतात. एकदा पाहिले की पुन्हा ओळखण्यात चूक होत नाही. संक्रांतीला पिल्ले चार महिन्यांची झाली, तेव्हा पुढच्या दातांत मधले दोन रुंद आणि दुधाळ पांढरे, तर कडेचे अजून जुने, असा मिश्र प्रकार दिसला. फेब्रुवारीच्या मध्यात एका पिल्लाच्या वरच्या जबड्यात एकाच बाजूला दोन सुळे शेजारीशेजारी उभे होते, दुधाचा बारीक आणि त्याला खेटून येणारा कायमचा जाड. ही दुहेरी अवस्था थोडेच दिवस टिकते आणि ती दिसली की पिल्लू पाच महिन्यांच्या आसपासचे आहे असे बऱ्याच खात्रीने लिहिता येते. महाशिवरात्रीला तिघांच्याही तोंडात कायमचे तीस दात आलेले होते.

त्या तिघांत एक पिल्लू इतर दोघांपेक्षा बरेच किरकोळ होते आणि वजनावरून पाहणाऱ्याने त्याला महिनाभर लहान ठरवले असते. दात मात्र तिघांचेही जवळपास एकाच सुमारास आले. पोटभर दूध न मिळालेल्या पिल्लाचे अंग मागे राहते, दात त्या मानाने वेळ पाळतात. डोळ्यांचा रंग येथे आधाराला घेता येतो: जन्मानंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने डोळे उघडतात तेव्हा ते निळसर असतात, सहा-सात आठवड्यांनंतर रंग पालटू लागतो आणि तीन महिन्यांच्या सुमारास पिवळा किंवा हिरवा रंग स्थिरावू लागतो. सहा महिन्यांपर्यंत वय आठवड्यांत सांगता येते, ते एवढ्या साधनांवर.

सहा महिन्यांनंतर मात्र नवा दात येत नाही. आता उरते ती झीज आणि घाण, आणि या दोन्ही गोष्टी वयाइतक्याच आहारावर, आजारावर आणि अपघातावर अवलंबून असतात. साधारणपणे वर्षभराच्या मांजराचे दात स्वच्छ असतात, पुढे वरच्या मोठ्या उपदाढेवर, म्हणजे गालाच्या आतल्या बाजूच्या सर्वांत मोठ्या दातावर, पिवळे कीटण धरू लागते, आणि पाचेक वर्षांपर्यंत ते बहुतेक दातांवर दिसते. हा क्रम खरा आहे, परंतु त्याचा वेग प्रत्येक मांजरात निराळा असतो. शिवाय सुळ्यावर वरपासून खालपर्यंत जी उभी खोबण दिसते ती निसर्गतःच असते. पहिल्या वर्षी मी तिला म्हातारपणाची चीर समजून दोन तरुण मांजरांना उगाच प्रौढ करून ठेवले होते.

आता ती राखाडी मांजरी. नोव्हेंबर 2024 मध्ये शेजारच्या काकूंच्या घरी, तुरीची पोती ठेवलेल्या खोलीत, ती पोत्यावर दिवसभर बसून असायची. काकू म्हणाल्या, "म्हतारी झाली जी ते आता, उंदीर समोरून गेला तरी पाहात नाही." ती त्यांनी पाळलेली नव्हती, वर्षभरापूर्वी कुठूनशी आलेली होती. मी तिला पाहिले तेव्हा पाठीवरचे केस गुंतून त्यांच्या चपट्या गाठी झालेल्या होत्या, हनुवटी लाळेने ओली होती आणि तोंडाला दुर्गंधी येत होती. काकूंनी तिला फडक्यात गुंडाळून धरले आणि मी बाजूने वरचा ओठ उचलला: खालचे पटाशीचे चार दात नव्हते, डाव्या बाजूची एक उपदाढ नव्हती, उरलेल्या दाढांवर तपकिरी कीटण होते. गळलेले दात, विस्कटलेले केस आणि मंदावलेली हालचाल या तिन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. वहीत मी लिहिले: दहा ते बारा वर्षे. (ओठ उचलण्याच्या या प्रयत्नात तिने मला चावा घेतला नाही हे नशीबच, घेतला असता तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घेण्यासाठी जावे लागले असते. अनोळखी मांजराच्या बाबतीत आता मी जांभईची वाट पाहतो आणि मोबाइलवर चित्रफीत घेऊन नंतर थांबवून पाहतो.)

डोळे मी त्या दिवशी पाहिलेच नव्हते. तीन आठवड्यांनी, काही कारण नसताना, अंगणातील उन्हात बसलेली असताना मी तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. उन्हात बाहुली बारीक रेघेसारखी होते आणि बुबुळ पूर्ण पसरते, म्हणून बुबुळ पाहायचे ते उजेडात. म्हाताऱ्या मांजराचे बुबुळ पातळ होते, त्याची आतली कड खाल्ल्यासारखी ओबडधोबड दिसते, काही वेळा बाहुली उजेडातही पुरती आकसत नाही. हिची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ होती. संध्याकाळी खोलीतील अंधुक उजेडात, बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना, मी बाजूने मंद विजेरी धरून आतले भिंग पाहिले. साधारण दहा वर्षांनंतर भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि बाहुलीच्या खोल भागात निळसर धुके साचल्यासारखे दिसते. त्याने दृष्टी फारशी जात नाही आणि ते दोन्ही डोळ्यांत सारखेच येते. एकाच डोळ्यात पांढरेपणा असेल तर तो मार लागल्याचा किंवा आजाराचा समजावा, वयाचा नव्हे. या मांजरीची दोन्ही भिंगे विहिरीच्या तळासारखी काळी आणि नितळ होती.

दहा-बारा वर्षांच्या मांजरीचे डोळे असे असणे अगदीच अशक्य नाही, परंतु शंका घ्यायला एवढे पुरेसे होते. मग उलट विचार केला. विस्कटलेले केस आणि बसून राहणे या स्वतंत्र खुणा नव्हत्याच. तोंड दुखत असेल तर मांजर अंग चाटत नाही, अंग चाटले नाही की केस गुंततात, आणि खाणे कमी झाले की हालचाल मंदावते. म्हणजे तीन साक्षीदार म्हणून मी ज्यांना धरले होते ते एकाच तोंडातून बोलत होते. खरी स्वतंत्र साक्ष फक्त डोळ्यांची होती.

तिला नागपूरला नेले तेव्हा पशुवैद्यकांनी हिरड्यांचा तीव्र दाह आणि मुळापासून विरघळत चाललेले दात असे निदान केले. दात असे विरघळणे हा मांजरांत नेहमी आढळणारा विकार आहे आणि तो मध्यमवयीन, कधी तरुण मांजरालाही होतो. भूल देऊन आणखी पाच दात काढले गेले. दोन आठवड्यांत तिचे खाणे सुधारले, जानेवारीच्या अखेरीस पाठीवर नवे, चमकदार केस दिसू लागले आणि ती खोलीच्या भिंतीवरून कवेलूंवर उडी घेऊ लागली. तिचे मूळ घर शोधत गेल्यावर शेजारच्या गावातील एका कुटुंबाने तिच्या कानावरील जुन्या चिरेवरून तिला ओळखले. एप्रिल 2021 मध्ये, घरातील मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात, ती तेथे जन्मली होती. मी दहा ते बारा वर्षे लिहिले तेव्हा तिला चार वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

याची उलट चूकही घडते. परिचितांकडील एक बोका तेरा वर्षांचा असून रात्रभर फिरत असे, दुप्पट खात असे आणि तरी वाळत चालला होता. पाहणाऱ्याला तो तरुण वाटे; तपासणीत थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करत असल्याचे आढळले. त्याच्या बुबुळांच्या कडा मात्र झिजलेल्या होत्या. हालचालीवर मी आता सर्वांत कमी भरवसा ठेवतो, आणि मे महिन्यात तर ती पाहतच नाही, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आमच्याकडील एक वर्षाचे मांजरही माठाखालच्या ओल्या वाळूवर दिवसभर मेल्यासारखे पडून असते. केसांचेही तसेच आहे: उन्हाळ्यात केस झडून विरळ होतात, आणि उन्हात राहणाऱ्या काळ्या मांजराचे केस तांबूस पडतात, त्याचा वयाशी संबंध नाही.

वहीत या वर्षापासून एकच आकडा लिहिणे बंद केले असून, प्रत्येक खुणेसमोर तिच्यावरून निघणारे वय वेगळे लिहितो आणि खुणा जुळत नसतील तर आधी तोंडाचा आजार आहे का ते पाहतो. ताजी नोंद जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगावर झोपणाऱ्या पिवळ्या बोक्याची आहे. गाल रुंद आणि कातडी जाड झालेली, म्हणजे खच्ची न केलेला आणि वाढ पुरी झालेला नर. वरच्या मोठ्या उपदाढेवर थोडे कीटण. डावा सुळा टोकाशी तुटलेला, तो भांडणातला असावा म्हणून हिशेबात धरलेला नाही. बुबुळाची कड सरळ. भिंग अजून पाहायचे आहे. तूर्तास दोन ते सहा वर्षे असे लिहून ठेवले आहे.