अनोळखी अरबी नंबरवर पहिला मेसेज: माझा अनुभव

मी दुबईत मसाल्यांच्या एक्सपोर्टमध्ये आहे आणि यंदा माझ्याकडे नवीन खरेदीदारांचे नंबर आले, कैरो, बगदाद, बैरुत, कासाब्लांका असे सगळीकडचे, आणि पहिला व्हॉट्सअ‍ॅप मीच करायचा होता. इथे राहून बोलायपुरती अरबी येते, पण ती आखाती. आम्ही "श्लोनक?" म्हणून हालहवाल विचारतो, बगदादलाही तेच चालतं. कैरोत मात्र "इज़्ज़यक", बैरुतमध्ये "कीफक" आणि मोरोक्कोत "लाबास?". इजिप्तची बोली सिनेमा-सिरियलमुळे बहुतेकांना कळते, मोरोक्कोची बाकीच्यांना फार जड जाते.

म्हणून मसुदा आधी ऑफिसातल्या मोरोक्कन बाईंना दाखवला. शेवटी मी "यातीक अल-आफिया" लिहिलेलं, इकडे काम करणाऱ्या माणसाला दिवसातून दहादा म्हणतात, देव तुला बळ देवो अशा अर्थाने. त्या म्हणाल्या, हे कासाब्लांकाला अजिबात पाठवू नका, आमच्याकडे आफिया म्हणजे आग! म्हणजे आशीर्वादाचा थेट शापच. तिथे साधं "शुक्रन", म्हणजे धन्यवाद, लिहा, ते कुठेही चालतं.

मग ठरवलं की पहिल्या मेसेजात बोलीभाषा नकोच, सगळे शाळेत शिकतात ती प्रमाण अरबी वापरायची. सुरुवात "अस्सलामु अलैकुम", हे सगळीकडे कळतं. बैरुतच्या नंबरला मात्र "मर्हबा", म्हणजे साधा नमस्कार, कारण तिथे ख्रिश्चन खूप आहेत आणि नुसत्या नंबरवरून कोण कुठल्या धर्माचं हे कळत नाही, आणि मर्हबा कोणालाही चालतं. ईमेल असेल तर "तहिय्या तय्यिबा व बाद", म्हणजे आपलं सप्रेम नमस्कार, विशेष. "सबाह अल-खैर", म्हणजे शुभ सकाळ, मी टाळलं, कारण दुबईत दुपारचे बारा वाजतात तेव्हा कासाब्लांकात सकाळचे नऊच असतात.

पुढे "कैफ हालक", म्हणजे कसे आहात. समोर पुरुष आहे की बाई हे माहीत नसलं तरी लिहिताना अडत नाही, कारण बोलताना पुरुषाला हालक आणि बाईला हालिक असा फरक असला तरी अरबीत असे ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, दोन्ही अक्षरशः सारखंच दिसतं. पण हे व्हॉइस नोटमध्ये उघडं पडतं, म्हणून पहिल्यांदा व्हॉइस नोट नाहीच, आणि सर / मॅडम अशा अर्थाचं उस्ताज़ / उस्ताज़ा पण नाही, कारण तिथे लिहितानाही फरक दिसतो. मग लगेच आपलं नाव, कंपनी, नंबर कुठून मिळाला, काम काय, आणि शुक्रन.

कैरोहून उत्तर आलं "अहलन या फंदम". फंदम हा खास इजिप्तचा आदराचा शब्द, साहेबांना पण आणि मॅडमना पण. मग त्या माणसाला पुढच्या मेसेजात मी "इज़्ज़य हज़रितक" लिहिलं, म्हणजे त्यांच्याच बोलीतलं "कसे आहात आपण". कासाब्लांकाच्या खरेदीदाराशी मात्र अजून प्रमाण अरबीच चालू आहे, कारण ते मोरोक्कन बोलीत लिहायला लागले की मला निम्मंच कळतं.