ऊसतोडणी यंत्र, नोंद पहिली: लावणीपासून दिवा लागेपर्यंत

मंडळी, माइनक्राफ्टमध्ये मी घरं, पूल, विहिरी बरीच बांधली, पण रेडस्टोनला कधी हात लावला नव्हता. गेल्या तीन आठवड्यांत पहिलं यंत्र उभं केलं आणि ते आता माझ्याशिवाय चालतं. ऊस वाढला की यंत्र स्वतः तोडतं आणि पेटीत भरतं. ज्यांनी अजून तारेचा एकही ठिपका टाकला नाही, त्यांना माझ्या चुकांसकट हे उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवतोय. माझ्याकडे जावा आवृत्ती 1.21.4 आहे. मावसभावाच्या मोबाइलवर बेडरॉक आहे, त्याच्याकडेही हीच मांडणी चालली.

पहिल्या यंत्रासाठी ऊसच का, तर त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. गेममधला ऊस आपोआप तीन ठोकळे उंच होतो आणि थांबतो. मधला ठोकळा फोडला की वरचा त्याच्यासोबत गळून पडतो आणि सगळ्यात खालचा तसाच राहतो. त्या खालच्यातूनच पुढचा ऊस वाढतो. म्हणजे यंत्राला दोनच गोष्टी कळायला हव्यात: तिसरा ठोकळा आला का, आणि आला असेल तर दुसरा फोड.

"आला का" हे बघणारा ठोकळा म्हणजे ऑब्झर्व्हर. त्याच्या तोंडासमोरच्या एका ठोकळ्यात काही बदल झाला की तो पाठीमागून एक छोटा झटका देतो, सेकंदाचा दहावा भाग टिकेल एवढा. फोडायचं काम पिस्टनचं. ऑब्झर्व्हर जावा आवृत्तीत 2016 साली 1.11 मध्ये आला. त्याआधी याच कामासाठी लोकांना बरीच वाकडी वाट करावी लागायची, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका.

पहिला आठवडा: सामान

आठ उसांची एक रांग ठरवली. आठच का, तर पाण्याचा एक उगम सपाटीवर स्वतःचा ठोकळा धरून आठ ठोकळेच वाहतो. त्यामुळे एका बादलीत अख्खी रांग भिजते आणि पडलेला ऊस त्याच पाण्यावर वाहून एका टोकाला येतो.

आठ पिस्टनना आठ लोखंडी विटा, शिवाय फळ्या आणि दगडगोटे. आठ ऑब्झर्व्हरना आठ क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झसाठी नेदरमध्ये जावंच लागतं. नवख्याची खरी अडचण इथेच आहे. रेडस्टोनची भुकटी पिस्टन, ऑब्झर्व्हर आणि वरची ओळ मिळून 32 लागली. ती खोल खाणीत मिळते, वाय -59 च्या आसपास भरपूर, आणि लोखंडी किंवा त्याहून चांगल्या कुदळीनेच. दगडी कुदळीने खनिज फुटतं, पण हाती काहीच लागत नाही.

दुसरा आठवडा: बांधकाम

रांगेतल्या एका उसाचा उभा छेद सांगतो, बाकीचे सात अगदी तसेच. जमिनीच्या पातळीत पुढे पाण्याची पन्हाळ आणि तिला लागून माती. मातीवर ऊस येणार. उसाच्या मागे पहिल्या उंचीवर साधा दगड. दुसऱ्या उंचीवर त्या दगडावर पिस्टन, तोंड उसाकडे. तिसऱ्या उंचीवर पिस्टनच्या डोक्यावर ऑब्झर्व्हर, त्याचंही तोंड उसाकडे. पिस्टनच्या पाठीशी, दुसऱ्याच उंचीवर, आणखी एक दगड आणि त्या दगडावर रेडस्टोनची भुकटी. झटका ऑब्झर्व्हरच्या पाठीतून भुकटीत उतरतो, भुकटी खालच्या दगडाला जागं करते आणि तो दगड शेजारच्या पिस्टनला ढकलतो. वीज अशी एक पायरी उतरून खाली येते, हे मला कागदावर काढल्यावरच नीट उमगलं. तुम्हीही एकदा चौकटीच्या वहीत काढून बघा.

आठही दगडांवरची भुकटी एकमेकींना जोडली जाते आणि एक सलग ओळ होते. भुकटीतला झटका 15 च्या ताकदीने निघतो आणि दर ठोकळ्याला एकने कमी होतो. आठ ठोकळ्यांना तो आरामात पुरतो. वीस उसांची रांग केलीत आणि झटका एकाच टोकाच्या ऑब्झर्व्हरमधून दिलात, तर शेवटचे पिस्टन हलणारच नाहीत. तिथे मध्ये झटक्याला पुन्हा पूर्ण ताकद देणारा एक रिपीटर लागेल.

इथे पहिली अडचण आली. पिस्टन ठेवला तर त्याचं तोंड माझ्याकडे होतं, ऑब्झर्व्हर ठेवला तर त्याची पाठ माझ्याकडे. दोन्ही मी एकाच बाजूने उभा राहून ठेवत होतो, त्यामुळे दोघांपैकी एक कायम उलटा. तासभर गेल्यावर नियम सापडला. पिस्टन ठेवणाऱ्याकडे बघतो आणि ऑब्झर्व्हर ठेवणारा जिकडे बघतोय तिकडे बघतो. म्हणून पिस्टन पाण्याच्या बाजूला उभं राहून ठेवायचे, मग मागे जाऊन ऑब्झर्व्हर मागच्या बाजूने ठेवायचे. नीट बसलाय का हे ओळखायची खूण सोपी आहे: मागून बघितल्यावर ऑब्झर्व्हरचा लहान ठिपका दिसला पाहिजे. झटका देताना तोच ठिपका लाल होतो. चेहऱ्यासारखी बाजू दिसली तर उलटा बसला.

ऊस सगळ्यात शेवटी लावा. पाणी आधी नसेल तर तो मातीवर बसतच नाही. आणि वाळूत ऊस लवकर वाढतो असं जे ऐकायला मिळतं ते खरं नाही, मातीत आणि वाळूत वेग सारखाच.

खोडव्याची चूक

आता मुख्य चूक. घाईत मी पहिल्या चार उसांचे पिस्टन आणि ऑब्झर्व्हर एकेक ठोकळा खाली बसवले होते. पिस्टन पहिल्या उंचीवर, ऑब्झर्व्हर दुसऱ्या. बराच वेळ काहीच झालं नाही, मग दुसरा ठोकळा आला, चार पिस्टन एकदम धडकले आणि चारही ऊस मुळापासून गेले. पुन्हा लावले, पुन्हा गेले. मला वाटलं पाण्यात काही गडबड आहे.

आबा शेजारी बसून बघत होते. आमचं सांगलीकडचं रान, त्यांचं आयुष्य उसात गेलं. गेममधलं काही त्यांना कळत नाही, पण पडद्यावर ऊस गेलेला दिसला तसं म्हणाले, "आरं, बुडखाच उपटाय लागलायस की. खोडवा कुठनं येणार मग?"

बघितलं तर खरंच. यंत्र बुडखाच फोडत होतं. एक पायरी वर चढवलं आणि मग खालचा ठोकळा राहिला, त्यातून दुसरी तोड आली. तेव्हापासून मी त्या खालच्या ठोकळ्याला बुडखाच म्हणतो. तुमच्या यंत्रात तोडणीनंतर रांगेत नुसती माती उरत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, सगळं एक ठोकळा खाली बसलंय.

वाढीची वाट बघत चाचणी करणं अवघड जातं. एका ठोकळ्याला सरासरी 18 मिनिटं लागतात, आणि ती सरासरीच, एखादा ऊस त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणून जगाची एक प्रत काढून त्या प्रतीत वाढीचा वेग शंभरपट केला:

```
/gamerule randomTickSpeed 300
```

मूळ आकडा 3 असतो, तो चाचणी झाल्यावर परत टाकायचा. हे प्रतीतच करा, कारण या वेगात सगळ्याच पिकांचा आणि वेलींचाही वेग वाढतो.

तिसरा आठवडा: गळती

यंत्र तोडत होतं, पण पेटीत येणारा ऊस कमी वाटत होता. एक तोड समोर उभं राहून बघितली. फुटलेले तुकडे चारी बाजूंना उडतात. काही पाण्यात पडून वाहत जातात, काही पन्हाळीच्या पलीकडे जातात आणि काही बुडख्यापाशी मातीवरच पडून राहतात. पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते.

पलीकडे जाणाऱ्यांसाठी पन्हाळीच्या दुसऱ्या बाजूला तीन ठोकळे उंच काचेची भिंत घातली, दोन्ही टोकांनाही. मातीवर पडणाऱ्यांचा उपाय मला फार आवडला: माती काढून चिखल घातला. मातीवर पाण्याची बाटली ओतली की चिखल होतो. चिखलाचा ठोकळा पूर्ण उंचीचा नसतो, जरासा बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याखाली ठेवलेला हॉपर चिखलावर पडलेली वस्तू खेचून घेतो. पूर्ण मातीतून त्याला ते जमत नाही. ऊस चिखलावरही तसाच वाढतो.

आठ चिखलांखाली आठ हॉपर, एकाचं तोंड पुढच्यात, शेवटच्याचं पेटीत. पन्हाळीच्या शेवटच्या ठोकळ्याखालचा नववा हॉपर शेजारच्या आठव्यात वळवला. तोंड वळवायला Shift दाबून ज्याच्यात सोडायचं त्याच्यावर क्लिक करायचं. एका हॉपरला पाच विटा, म्हणजे नुसत्या हॉपरांना 45. इतकं लोखंड नसेल तर आधी फक्त पाण्याच्या टोकाचा एकच हॉपर ठेवा. थोडी गळती सोसावी लागते, पण यंत्र चालतं.

उत्पन्नाचा हिशेब: आठ ऊस, प्रत्येकी 18 मिनिटांना एक ठोकळा, म्हणजे जास्तीत जास्त तासाला 26 च्या आसपास. प्रत्यक्षात कमीच येतो. ओळ एकच असल्यामुळे एक ऊस तीनवर पोचला की आठही पिस्टन धडकतात. दोनवर असलेल्यांचाही दुसरा ठोकळा जातो, तो हाती लागतो, पण तिसऱ्याच्या दिशेने त्याने केलेली अर्धीमुर्धी वाढ वाया जाते. वाढीचा आकडा त्या वरच्या ठोकळ्यातच साठलेला असतो. प्रत्येक उसाची भुकटी वेगळी ठेवली तर हे टळेल, पण त्याला रांगेत मोकळ्या जागा सोडाव्या लागतील. सध्या मी तसं केलेलं नाही. आणि आपण लांब गेलो की वाढ थांबते, म्हणून यंत्र घराच्या जवळच बांधा.

दिवा

शेवटची भर म्हणजे पेटी किती भरली हे घरातून दिसावं. पेटीला लावलेला कंपॅरेटर आत किती माल आहे त्याप्रमाणे 0 ते 15 ताकदीचा संकेत देतो. एकाही वस्तूला 1, पूर्ण भरल्यावर 15, आणि मधल्या पायऱ्या पेटीच्या चौदाव्या भागाएवढ्या. लहान पेटीत 27 खाने, प्रत्येकी 64, म्हणजे 1728 ऊस. चौदावा भाग साधारण 123 आणि थोडे. माझ्या दिव्याच्या आधी भुकटीचे तीन ठोकळे आहेत, म्हणून संकेत निदान 3 ताकदीचा हवा. तो 247 व्या उसाला होतो, 246 ला नाही. अंतर बदललं की आकडा बदलतो: आठ ठोकळे ठेवले तर दिवा पेटी अर्धी भरल्यावर लागेल.

शनिवारी रात्री झोपताना दिवा विझलेला होता. गेम मी यंत्राजवळच चालू ठेवला. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो तर लागलेला. पेटी उघडली, मोजले, 251.