भाड्याचं पत्र

रात्री हॉटेलचा गल्ला मोजून झाल्यावर जागामालक काकांना पत्र लिहायला बसलो. करार संपायला सात महिने आहेत, आणि नूतनीकरण हवं असेल तर सहा महिने आधी लेखी कळवायचं, असं कलम आहे. तोंडी बोलणं दोनदा झालं. काका म्हणतात, तीस टक्के वाढ.

पहिला मसुदा फाडला. त्यात नुसती कळकळ होती, इतक्या वर्षांचे संबंध, वेळेवर दिलेलं भाडं. खरं असलं तरी त्यातून आकडा ठरत नाही.

मग हिशेबाची वही काढली. विक्रीच्या दर शंभरातले आठ भाड्यात जातात. माल, पगार, गॅस, वीज, सगळं वजा जाता हातात सहा उरतात. भाडं तीस टक्के वाढलं की आठाचे 10.4 होतात, म्हणजे सहातले 2.4 गेले. भाडं तीस टक्क्यांनी वाढतं, पण माझी कमाई चाळीस टक्क्यांनी घटते. हे मलाच आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. पत्रात ते जसंच्या तसं लिहिलं, काही लपवलं नाही.

त्यांची बाजूही खोटी नाही. घरपट्टी वाढली, आजूबाजूचे गाळे महाग झाले. म्हणून वाढ नकोच असं मी म्हटलेलं नाही. आजचं महिन्याचं भाडं शंभर धरलं तर पहिल्या वर्षी 112, पुढे दरवर्षी पाच टक्के. चौथ्या वर्षी ते 130 ला टेकतं, पाचव्या वर्षी 136 होतं. त्यांचा आकडा त्यांना मिळतोच, फक्त विक्रीला तिथवर पोचायला मला वेळ मिळतो.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर बराच वेळ अडलो. मी गेलो आणि गाळा चार महिने रिकामा राहिला, तर माझ्या दराने त्यांचे 448 बुडतात. नवा भाडेकरू 130 देऊ लागला तरी माझ्यापेक्षा महिन्याला 18 च जास्त. नुकसान भरून यायला पंचवीस महिने लागतील. ही धमकी वाटू नये म्हणून वाक्य तीनदा बदललं. शेवटी ‘आपणही हा हिशेब करून पाहावा’ एवढंच ठेवलं.

मागणी मात्र एकच ठामपणे केली: करार पाच वर्षांचा हवा, आणि पहिली तीन वर्षं कोणालाच मोडता येणार नाही असा. स्वयंपाकघराचा धुराडा आणि सांडपाण्याचं तेल अडवणारी टाकी, दोन्ही बदलायला आलेत. ते भिंतीला आणि जमिनीला जखडलेलं काम, जाताना उचलून नेता येत नाही. अकरा महिन्यांच्या कराराच्या भरवशावर तो खर्च कोण करेल?

दोन प्रती काढल्यात. उद्या दुपारची गर्दी ओसरली की स्वतः जाऊन देईन आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून काकांची सही, तारखेसकट, घेईन.