कडेची गर्दी

लग्न लाइव्ह दाखवायची पद्धत लॉकडाउनमध्ये घरोघरी पोचली आणि मग राहिलीच. न्यू जर्सीतला भाऊ, नाशिकची आत्या, गुडघ्यामुळे घरीच बसलेली मावशी, सगळे यूट्यूबवर हजर. आम्ही उरलेले दुसऱ्या दिवशी निवांत चहा घेत तेच लग्न लॅपटॉपवर बघतो. तेव्हा मांडवापेक्षा जास्त हालचाल उजवीकडच्या चॅटमध्ये असते. भटजींनी 'शुभमंगल' म्हणायला घेतलं, की तिकडे 'आवाज येत नाहीये', 'आमच्याकडे येतोय', 'जेवायला काय आहे?'

त्यातही गंमत म्हणजे ही गर्दी नेहमी उशिरा टाळ्या वाजवते. थेट प्रक्षेपण बघणाऱ्याच्या पडद्यावर चित्रच मुळी काही सेकंद मागून पोचतं. त्यात मावशीला चष्मा शोधून फुलांचा इमोजी टाकायला लागणारा वेळ धरा. रिप्लेमध्ये संदेश ज्या क्षणी आला त्या क्षणाला चिकटवलेला असतो. म्हणून हार घालून दोघं खाली बसली, की मग फुलांचा सडा पडतो.

मंगलाष्टकं शांतपणे ऐकायची असतील तर हे सगळं लपवावं, असं माझं मत. चॅटची चौकट कडेला असेल तर काम सोपं. तिच्या कोपऱ्यातली फुली किंवा `Hide chat replay` दाबलं की झालं. पण पुढच्या लाइव्हच्या रिप्लेला ती पुन्हा उघडी भेटू शकते. दर वेळी दाबायचा कंटाळा असेल, तर फायरफॉक्समध्ये `uBlock Origin` हे पानातले नको ते भाग लपवणारं एक्स्टेन्शन टाकून त्याच्या `My filters` मध्ये ही एक ओळ लिहायची:

```
www.youtube.com##ytd-live-chat-frame
```

यूट्यूबच्या पानात चॅट हे एक वेगळं छोटं पान म्हणून बसवलेलं असतं आणि ही ओळ ती अख्खी चौकटच उचलते. चॅट परत हवी असेल तर ओळीच्या सुरुवातीला `!` टाकून बदल जतन करायचा आणि पान पुन्हा उघडायचं.

फेसबुकवरचं लग्न जरा जास्त त्रास देतं. तिथे हृदयं आणि अंगठे कडेला न थांबता थेट चित्रावरूनच तरंगत जातात, रिप्लेमध्येसुद्धा. नवरीच्या मुंडावळ्यांवरून लाल हृदय सरकतं ते कोणाला आवडत असेल ते असो, मला नाही. `uBlock Origin` मधलं पिपेटचं चिन्ह घेऊन त्या थरावर टिचकी मारली तर तो लपवता येतो. मात्र फेसबुकच्या पानातली अंतर्गत नावं म्हणजे अक्षरांचा काला असतो आणि ती बदलत राहतात. आज चाललेला फिल्टर काही दिवसांनी मुका झाला, तर आपलं काही चुकलंय असं समजू नये. थर नव्यानं निवडावा.

आणि मग तिसरा प्रकार, ज्याच्यापुढे कुठलाच फिल्टर चालत नाही. काही व्हिडिओवाले हौशी असतात. येणाऱ्या कमेंटी ते स्वतःच स्क्रीनवर पट्टीसारख्या सोडतात, सोबत फुगेही. हे प्रक्षेपणाच्या आधीच चित्रात मिसळलेलं असतं. ब्राउझरला तिथे कमेंट वगैरे काही दिसत नाही; त्याच्या लेखी तो नवरदेवाच्या फेट्याइतकाच चित्राचा भाग.

आपल्यापुढे कुठला प्रकार आहे हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. व्हिडिओच्या दातेरी चाकात जाऊन `Quality` एकदम खाली आणायची, यूट्यूबवर `144p`. नवरा-नवरी धूसर होतील. त्यांच्याबरोबर कमेंटची अक्षरंही विरघळली, तर ती चित्रातच भाजलेली आहेत. फिल्टर शोधत बसू नका, व्हिडिओवाल्याकडे मूळ रेकॉर्डिंग मागा. त्याच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर विनापट्टीचं लग्न बहुधा असतं, तो पुसायच्या आत गाठायला हवा. अक्षरं मात्र लख्ख राहिली, तर ती वरून ठेवलेली आहेत आणि हटवता येतात.

चॅट कायमची घालवू नये, याला कारण मावशी. लग्नानंतर तिचा फोन येतोच, 'माझी कमेंट वाचलीस का गं?' तेव्हा `Show chat replay` दाबून शोधायला लागावं, तर `Ctrl+F` फारसं कामाला येत नाही. कारण व्हिडिओ जिथे असेल त्याच्या आसपासचेच संदेश चौकटीत उतरलेले असतात, पुढचे अजून आलेलेच नसतात. मावशीला मिनिट विचारून उपयोग नाही. 'अगं, ती हार घालायला निघाली ना, तेव्हा टाकली,' एवढाच पत्ता मिळतो. हार गळ्यात पडतो तिथून व्हिडिओ अर्धा मिनिट पुढे न्यायचा आणि थांबायचं. मावशीची फुलं तिथे असतात, त्यांच्यावर आत्याची.