पत्रातली छत्तीस नंबरची दाढ

दवाखान्यात असोसिएट हवी, असं डेंटिस्ट मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की दोन दिवसांत अर्जांच्या पीडीएफचा ढीग जमतो. निम्मी पत्रं 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होतात. पाटीवरचं माझं नाव कुठल्याही बाजूने पुरुषाचं वाटत नाही, पण नमुना एकीने दुसरीकडून घेतलेला असतो, त्यात सर आहेत म्हणून इथेही सर. पुढे उमेदवार कष्टाळू असतो, शिकण्याची तळमळ असते आणि फलटणमधला माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना 'नामांकित संस्था' होतो.

नव्या मुलामुलींचा कागद सारखाच असणार, त्याला इलाज नाही. चार वर्षं बीडीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलची नोंदणी. नोंदणी क्रमांक पत्रात हवाच, तो नसेल तर पेशंटला हात लावू देता येत नाही. पण तो क्रमांक मला एवढंच सांगतो की ही दंतवैद्य आहे. संध्याकाळी पाच ते नऊ ती एकटी असताना काय होईल, हे त्यात नसतं.

यंदाच्या एका पत्रात ते होतं. 'साधे दात साठेक काढले आहेत. पुढच्या दातांची रूट कॅनाल अकरा केली, दाढांची चार. त्यांतल्या दोनच एकटीने. अडकलेली अक्कलदाढ स्वतः काढलेली नाही, फक्त मदतीला उभी होते.' यानंतर बाकीच्यांचा दोन पानी मोठेपणा वाचायची इच्छाच उरली नाही.

त्यानंतरचा परिच्छेद एकाच दाढेवर होता. छत्तीस नंबर, म्हणजे खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ. पेशंट रात्रभर झोपला नव्हता. आडवं झालं की ठणका, गार पाणी लागलं की जीव जायचा. हिने खालच्या नसेला भुलीचा ब्लॉक दिला. दहा मिनिटांत ओठ बधिर झाला. कॉलेजात शिकवलेलं असतं की ओठ बधिर म्हणजे भूल लागली. पण दाढेच्या आतल्या नसेला इतकी सूज असेल तर ओठ बधिर होऊनही दाढ बधिर होत नाही. ड्रिल लावलं की पेशंट खुर्चीतून उठतो, आणि त्यानंतर तोंड उघडायलाच तयार नसतो.

हिने ड्रिल लावण्याआधी कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो दाढेला टेकवला. पेशंट दचकला, म्हणजे भूल अपुरी. मग गालाच्या बाजूने एक इंजेक्शन, दाताच्या मुळाभोवतीच्या फटीत थोडं औषध, आणि पुन्हा बोळा. या वेळी दाढ गप्प. नस काढली, पण आतल्या चार कॅनालांपैकी तीनच सापडले, चौथा सापडेना. 'अंदाजाने खोदत गेले असते तर तळाला भोक पडलं असतं. औषध घालून वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि सरांना दुसऱ्या दिवशी दाखवलं.'

हे वाचताना मला बरं वाटलं, कारण दवाखान्यात नेमकं इथेच बिघडतं. दाढेतला एखादा कॅनाल राहून गेला तर एक्स-रेत लगेच काही दिसत नाही. पेशंट आनंदाने घरी जातो, कॅप बसते, आणि वर्ष-दीड वर्षाने हिरडीवर फोड घेऊन येतो. तोवर असोसिएट पुण्याला एमडीएस करायला गेलेली असते. ती कॅप फोडण्याचं काम कोणाकडे येतं, हे सांगायला नको. म्हणून जिला थांबता येतं, ती मुलगी मला जास्त उपयोगाची.

गाळप हंगामात आमच्याकडे ऊसतोडीची माणसं येतात, त्यांचं एकच म्हणणं असतं, 'डॉक्टर, काढूनच टाका.' दाढ वाचण्यासारखी असली तरी दुसऱ्या बैठकीला यायला त्यांना सुट्टी कुठली? या गर्दीचा उल्लेख तिच्या पत्रात नव्हता. कॉलेजच्या ओपीडीत एका दाढेला तीन तास मिळतात, इथे पाऊण तास मिळाला तरी भाग्य.

पैशाचं तिने सरळ विचारलं होतं, ते मला आवडलं. टक्केवारी लॅबचा खर्च वजा करून की आधी? चार हजारांच्या कॅपमधले हजार लॅबला गेले आणि तीस टक्के ठरले, तर तिच्या हाती नऊशे की बाराशे, इतका तो फरक आहे. आमच्या धंद्यात यावरून मैत्र्या तुटतात, तरी पहिल्या पत्रात कोणी हे लिहीत नाही. मी खर्च वजा करूनच देते, आणि फोनवर तसं सांगितलं.

तिचा शेवटचा प्रश्न मात्र मला अडवून गेला. 'तुम्ही गावाबाहेर असताना रक्त थांबलं नाही, तर मी कोणाला फोन करायचा?' आमच्याकडे येणारे सर्जन फक्त गुरुवारी येतात. बाकीचे सहा दिवस ती सोय मीच आहे. तिला आधी हो म्हणू की आधी साताऱ्याच्या सर्जनांशी बोलून घेऊ, असा प्रश्न पडला, आणि मी दुसरं काम आधी केलं.